दोन भाषा आणि डिमेन्शिया: ‘चार वर्षं उशिरा’ हा आकडा कुठून आला

प्रश्न: दोन भाषा येणाऱ्यांचं लक्ष जास्त एकाग्र असतं आणि त्यांना डिमेन्शिया चार-पाच वर्षं उशिरा होतो, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. माझी आई ६८ वर्षांची आहे, अलीकडे लोकांची नावं विसरते. तिला एखादी नवी भाषा शिकायला लावू का? संशोधनात खरंच काय सापडलंय?

उत्तर: आईंना हौस असेल तर भाषा जरूर शिकू द्या. डिमेन्शिया लांबवण्याचा उपाय म्हणून मात्र नको, कारण तसा पुरावा नाही. विसरभोळेपणाची तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या चाचण्या घेणं हेच माझं काम आहे आणि ‘चार वर्षं’ हा आकडा नातेवाईक मला वारंवार ऐकवतात. तो आकडा बनावट नाही. खऱ्या रुग्णांच्या खऱ्या नोंदींतून तो आला आहे. पण त्याचा जो अर्थ सगळीकडे सांगितला जातो, तो त्या नोंदींतून निघत नाही. हे कसं, ते जरा सावकाश सांगतो.

सुरुवात टोरंटोमधून झाली. २००७ साली एलन बियालिस्टॉक, फर्गस क्रेक आणि मॉरिस फ्रीडमन यांनी तिथल्या बेक्रेस्ट या संस्थेच्या मेमरी क्लिनिकमधल्या १८४ रुग्णांच्या फायली तपासल्या. सगळ्यांना डिमेन्शिया होता. त्यांतले ९३ जण आयुष्यभर दोन किंवा अधिक भाषा रोज वापरणारे होते, ९१ जण एकच भाषा बोलणारे. पहिली लक्षणं कधी दिसली, हे घरच्यांना विचारलेलं होतं. एकभाषिकांत ते वय सरासरी ७१.४ निघालं, द्विभाषिकांत ७५.५. म्हणजे चार वर्षांचा फरक. एकभाषिक गटाचं शिक्षण उलट थोडं जास्तच होतं, त्यामुळे ‘शिकलेली माणसं उशिरा आजारी पडतात’ हे स्पष्टीकरण इथे लागू पडेना. त्याच चमूने २०१० साली अल्झायमरच्या आणखी २११ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. तिथे लक्षणांच्या वयातला फरक पाच वर्षांच्या आसपास आला.

यामागची कल्पना अशी, की दोन भाषा येणाऱ्याच्या डोक्यात बोलताना दोन्ही भाषा जाग्या असतात आणि एक सतत दाबून ठेवावी लागते. या रोजच्या कसरतीमुळे मेंदूत राखीव ताकद साठते. आजार मेंदूत पसरत असतो, पण ती राखीव ताकद काही वर्षं तो झाकून ठेवते. इथे एक बारकावा लक्षात घ्या. दोन भाषा आल्या की आजार होतच नाही, असं या संशोधकांनीही म्हटलेलं नाही. लक्षणं उशिरा दिसतात, एवढाच त्यांचा दावा आहे.

आता अडचणीची बाब. क्लिनिकच्या फायलींत फक्त आजारी पडलेली माणसं असतात. त्या शहरात एकभाषिक आणि द्विभाषिक म्हातारी माणसं एकूण किती होती, कोणत्या वयाची होती आणि त्यांतल्या किती जणांना काहीच झालं नाही, हे फायली सांगत नाहीत. ही एकूण संख्या, म्हणजे अपूर्णांकातला छेद, हातात नसला की नुसत्या सरासरी वयाची तुलना किती फसवू शकते, ते एका हिशोबाने दाखवतो. आकडे माझे, समजावण्यापुरते घेतलेले.

दोन गट घ्या, प्रत्येकी एक हजार माणसांचे. दोन्ही गटांत आजाराचा धोका हुबेहूब सारखा ठेवू: सत्तरीच्या माणसांपैकी ५ टक्के आजारी, ऐंशीच्या माणसांपैकी २० टक्के. भाषेचा काडीचाही परिणाम नाही, असं आपणच ठरवलेलं आहे. पहिल्या गटात सत्तरीचे ८०० आणि ऐंशीचे २००. दुसऱ्या गटात सत्तरीचे ४०० आणि ऐंशीचे ६००. पहिल्या गटातून सत्तरीचे ४० आणि ऐंशीचे ४० रुग्ण क्लिनिकमध्ये येतील, म्हणजे सरासरी वय ७५. दुसऱ्या गटातून सत्तरीचे २० आणि ऐंशीचे १२० येतील, सरासरी वय साडेअठ्ठ्याहत्तरच्या थोडं वर. झाला की साडेतीन वर्षांचा फरक! आणि गंमत पाहा, ज्या गटाला आजार ‘उशिरा’ झाला असं आपण म्हणणार, त्या गटात रुग्ण ८० नाहीत, १४० आहेत.

शिक्षण, व्यवसाय, स्त्री-पुरुष प्रमाण यांची संख्याशास्त्रीय दुरुस्ती केली तरी हा दोष जात नाही, कारण तो माणसांच्या गुणांत नसून कोण मोजलं गेलं यात आहे. टोरंटोत असंच घडलं असं मी म्हणत नाही. तसं म्हणायलाही मागची लोकसंख्या माहीत असावी लागेल. पण तिथले द्विभाषिक बहुतेक स्थलांतरित होते आणि एकभाषिक बहुतेक तिथेच जन्मलेले, हे नोंदवलेलं आहे. स्थलांतर करून नव्या देशात बस्तान बसवणारी माणसं मुळात सरासरीपेक्षा धडधाकट असतात, हे आरोग्यशास्त्रात जुनं निरीक्षण आहे. ती कोणत्या काळात आणि कोणत्या वयात येऊन पोहोचली, त्यानुसार त्यांच्या गटाची वयरचनाही वेगळी असते. शिवाय ज्या घरात वेगळी भाषा बोलली जाते, ते घर म्हाताऱ्या माणसाला तज्ज्ञाकडे कधी नेतं आणि ‘हे कधीपासून सुरू झालं’ या प्रश्नाला काय उत्तर देतं, हेही वेगळं असू शकतं. मला रोज दिसतं, की एकाच रुग्णाबद्दल मुलगा सांगतो दोन वर्षं झाली आणि सून सांगते पाच. चार वर्षांच्या फरकाची सगळी इमारत अशा आठवणींवर उभी आहे.

कॅनडातच माँट्रियलमध्ये ही शंका तपासून पाहता येण्यासारखी होती, कारण तिथे फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बोलणारी, तिथेच जन्मलेली माणसं भरपूर आहेत. हॉवर्ड चर्टकोव आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ६३२ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. एकूणात द्विभाषिकांना फायदा दिसला नाही. स्थलांतरितांत मात्र दिसला, आणि तिथेच जन्मलेल्या फ्रेंच मातृभाषिकांत थोडासा. दोनांपेक्षा जास्त भाषा येणाऱ्यांतही किंचित फायदा होता. मेंदूवर परिणाम भाषेचाच असेल तर तो पासपोर्ट बघून बदलायला नको.

फायदा आहे असं म्हणणाऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम अभ्यास हैदराबादचा. निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्ण पाहिले, त्यांतले ३९१ द्विभाषिक. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथे द्विभाषिक असणं स्थलांतराशी बांधलेलं नाही. माणसं जन्मल्या गावीच दोन-तीन भाषांत वावरतात. तरीही फरक साडेचार वर्षांचा निघाला: ६१.१ विरुद्ध ६५.६. आणि जे शाळेतच गेले नव्हते, त्यांच्यातही तो दिसला, उलट थोडा जास्तच, सहा वर्षांचा. त्यामुळे ‘हे सगळं शिक्षणामुळेच’ असं म्हणून हा अभ्यास झटकून टाकता येत नाही आणि कुणी झटकत असेल तर त्याने तो नीट वाचलेला नाही.

पण दोन गोष्टी तिथेही उरतात. तिथले द्विभाषिक अधिक शहरी होते, अधिक शिकलेले होते, त्यांत पुरुष जास्त होते. हिशोबात त्याची दुरुस्ती केली आहे, पण मोजलेल्या गोष्टींचीच दुरुस्ती करता येते. आणि हाही क्लिनिकचाच अभ्यास आहे, छेद इथेही नाही. आणखी एक खटकणारी बाब: हैदराबादेत तिसऱ्या-चौथ्या भाषेने काहीच भर पडली नाही आणि माँट्रियलमध्ये दोनच्या पुढच्या भाषांनीच थोडा फरक पडला. एखादी गोष्ट खरोखर परिणाम करत असेल तर तिच्या मात्रेचा आणि परिणामाचा काहीतरी मेळ बसावा अशी अपेक्षा असते. इथे तो बसत नाही.

मग योग्य पद्धत कोणती? निरोगी म्हातारी माणसं निवडायची, त्यांची भाषा आधीच नोंदवून ठेवायची आणि वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहून कोणाला डिमेन्शिया होतो ते पाहायचं. इथे छेद पहिल्या दिवसापासून हातात असतो. शिवाय लक्षण कधी सुरू झालं हे कुणाच्या आठवणीवर सोडावं लागत नाही. ठरावीक काळाने तीच चाचणी पुन्हा घेतलेली असते.

न्यूयॉर्कच्या उत्तर मॅनहॅटनमध्ये लॉरा झाहोडनी आणि सहकाऱ्यांनी असंच केलं. स्पॅनिश बोलणारे १,०६७ स्थलांतरित, सुरुवातीला कुणालाही डिमेन्शिया नाही, काहींचा पाठपुरावा तब्बल २३ वर्षांपर्यंत. सगळेच स्थलांतरित आणि सगळ्यांची पहिली भाषा एकच, त्यामुळे टोरंटोतला मोठा गोंधळ इथे आपोआप टळला. फरक फक्त इंग्रजी किती येतं याचा. २०१४ साली निकाल आला. इंग्रजी येणाऱ्यांची स्मरणशक्ती आणि नियोजन-नियंत्रणाच्या चाचण्यांतली कामगिरी सुरुवातीलाच चांगली होती. पण पुढे घसरण्याचा वेग सारखाच राहिला. २८२ जणांना डिमेन्शिया झाला आणि शिक्षण, मूळ देश, अमेरिकेत घालवलेली वर्षं वगैरे धरल्यावर त्यात भाषेचा वाटा दिसला नाही.

‘सुरुवातीला चांगली कामगिरी’ हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. एकदाच चाचणी घेऊन थांबणाऱ्याला तिथे द्विभाषिकांचा विजय दिसला असता आणि तसं छापूनही आलं असतं. वीस वर्षं मागे राहिल्यावर कळलं, की चढाव आधीचा होता, उतार मात्र तोच.

असे पाठपुरावा केलेले अभ्यास नहीद मुकादम आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली एकत्र केले. द्विभाषिकांना डिमेन्शिया होण्याचं प्रमाण एकभाषिकांच्या तुलनेत ०.९६ निघालं. १ म्हणजे दोघांत काहीच फरक नाही. अनिश्चिततेची मर्यादा ०.७४ ते १.२३, म्हणजे खरा आकडा या दरम्यान कुठेही असू शकतो. पुढे २०२० साली जॉन अँडरसन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या संकलनातही हेच दुभंगलेलं चित्र आलं: लक्षणांचं वय विचारणाऱ्या अभ्यासांत द्विभाषिक पुढे, नव्याने आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण मोजणाऱ्या अभ्यासांत फरक नाही.

यावर एक तडजोडीचं वाक्य सर्रास वाचायला मिळतं: ‘भाषा आजार टाळत नाही, फक्त लांबवते, म्हणून दोन्ही निकाल खरे.’ ऐकायला पटतं. पण आकडेमोड केली की हे टिकत नाही. साठीनंतर डिमेन्शियाचा धोका साधारण दर पाच-सहा वर्षांनी दुप्पट होतो. आता एखाद्या गटातल्या प्रत्येकाची लक्षणं खरोखर चार वर्षं पुढे गेली, तर त्या गटातल्या ७८ वर्षांच्या माणसाचा धोका दुसऱ्या गटातल्या ७४ वर्षांच्या माणसाइतका असायला हवा. दुप्पट व्हायला पाच वर्षं धरली तर तो ०.५७ पट येतो, सहा वर्षं धरली तर ०.६३ पट. म्हणजे ठरावीक काळ पाठपुरावा केला की द्विभाषिकांत रुग्ण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी दिसायला हवेत. लांबणं आणि कमी होणं या दहा-वीस वर्षांच्या खिडकीतून पाहिल्यावर एकच गोष्ट असते. प्रत्यक्षात सापडलं ०.९६, आणि मर्यादेचं खालचं टोकही ०.७४. चाळीस टक्क्यांची घट त्यात बसत नाही.

दहा-पंधरा टक्क्यांचा छोटा फायदा मात्र त्या मर्यादेत बसतो, हेही तितकंच खरं. पाठपुराव्याच्या अभ्यासांत भाषेची नोंद फार ढोबळ असते. ‘इंग्रजी कितपत येतं’ एवढंच विचारलेलं असेल तर रोज दोन भाषांत व्यवहार करणारा आणि वीस वर्षांत दुसरी भाषा तोंडातून न काढलेला, असे दोघेही एकाच रकान्यात जातात. अशी सरमिसळ झाली की खरा परिणामही पुसट होतो. त्यामुळे मी रुग्णांच्या घरच्यांना ‘भाषेचा काहीही उपयोग नाही हे सिद्ध झालंय’ असं सांगत नाही. चार-पाच वर्षांचा फायदा असता तर तो या अभ्यासांत लपला नसता, एवढंच सांगतो.

एक अभ्यास दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने वापरतात, म्हणून त्याच्याबद्दल थोडं. एडिंबरा परिसरात १९३६ साली जन्मलेल्या मुलांची ११व्या वर्षी, १९४७ साली, बुद्धिमापन चाचणी झाली होती. त्यांतली ८५३ माणसं सत्तरीत पुन्हा तपासली गेली. थॉमस बाक आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं, की लहानपणीच्या गुणांवरून जितकी अपेक्षा होती त्यापेक्षा द्विभाषिकांची कामगिरी चांगली होती, विशेषतः सर्वसाधारण बुद्धिमत्ता आणि वाचनात. हुशार मुलंच पुढे भाषा शिकतात, या आक्षेपाला एवढं थेट उत्तर देणारे अभ्यास विरळा, कारण बालपणीची चाचणी कुणाकडेच नसते. पण इथे मोजली ती चाचण्यांतली कामगिरी. डिमेन्शिया मोजलेला नाही. मॅनहॅटनमध्ये पाहिलंच, की चांगली कामगिरी आणि डिमेन्शियापासून संरक्षण या एकच गोष्टी नाहीत.

आता लक्ष एकाग्र होण्याबद्दल. हा दावा आधीचा आहे आणि डिमेन्शियाच्या दाव्याचा पाया तोच होता, पण त्याची कथा लवकर संपते.

इथे वापरली जाणारी एक नेहमीची चाचणी म्हणजे सायमन चाचणी. पडद्यावर रंगीत चौकोन येतो, एका रंगाला डावं बटण, दुसऱ्याला उजवं. चौकोन कधी बटणाच्याच बाजूला येतो, कधी उलट बाजूला. उलट बाजूला आला की हात किंचित अडखळतो. तो अडखळण्याचा वेळ जितका कमी, तितकं अनावश्यक गोष्ट बाजूला सारण्याचं कौशल्य चांगलं, असं मानतात. २००४ साली बियालिस्टॉक यांच्या चमूने दाखवलं, की वयस्क द्विभाषिक यात कमी अडखळतात. पहिल्या प्रयोगात माणसं होती एकूण ४०. एकभाषिक कॅनडात राहणारे, द्विभाषिक भारतात राहणारे तमिळ-इंग्रजी बोलणारे. वयस्क एकभाषिकांचं अडखळणं दीड सेकंदाहून जास्त निघालं. या चाचणीत एरवी सेकंदाच्या काही शतांशांचाच फरक दिसतो, हे माहीत असलेला कुणीही इथे थबकेल. इतका मोठा आकडा आला की माझा पहिला संशय मेंदूवर जात नाही. सूचना कळल्या का, संगणकाची सवय होती का, सराव पुरेसा दिला का, हे मी आधी विचारतो.

नंतर नमुने मोठे होत गेले आणि फायदा विरघळत गेला. योन आंदोनी दुन्याबेइतिया यांच्या चमूने २०१४ साली स्पेनमधल्या ५०४ मुलांची तुलना केली. अर्धी बास्क-स्पॅनिश बोलणारी, अर्धी फक्त स्पॅनिश, बाकी परिस्थिती शक्य तितकी सारखी. काही फरक नाही. अमेरिकेतल्या ९-१० वर्षांच्या ४,५२४ मुलांचा निकाल २०१९ साली आला, तोही तसाच. फक्त द्विभाषिक मुलांचा इंग्रजी शब्दसंग्रह किंचित लहान होता. इंटरनेटवर १२ चाचण्या दिलेल्या ११,०४१ जणांच्या २०२०च्या अभ्यासातही सर्वसाधारण फायदा सापडला नाही. मिन्ना लेहतोनेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रौढांवरचे १५२ अभ्यास एकत्र केले. सुरुवातीला बारीकसा फायदा दिसला. न छापलेल्या निकालांची भरपाई केल्यावर तोही गेला.

न छापलेले निकाल म्हणजे काय, हे आन्जेला डी ब्रुइन यांनी २०१५ साली उघड केलं. परिषदांमध्ये सादर झालेले या विषयावरचे १०४ गोषवारे त्यांनी घेतले आणि त्यांतले पुढे नियतकालिकांत किती आले ते पाहिलं. फायदा दाखवणारे गोषवारे सगळ्यात जास्त छापले गेले, फायदा नाकारणारे सगळ्यात कमी. यात कुणाची लबाडी असायला हवी असं नाही. ‘फरक सापडला नाही’ असा लेख लिहायला संशोधक कंटाळतो, संपादक घ्यायला कंटाळतो आणि वाचणाऱ्याला तर तो दिसतच नाही. दहा-बारा वर्षं असं चाललं की फक्त एका बाजूचे निकाल समोर राहतात.

उतारवयात नवी भाषा शिकण्याबद्दल तुम्ही विचारलंय. वर सांगितलेले सगळे अभ्यास दोन भाषा आधीपासूनच येणाऱ्यांचे आहेत. समजा त्यांचा फायदा शंभर टक्के खरा असता, तरी ६८व्या वर्षी सुरू केलेल्या वर्गाबद्दल त्यातून काहीच कळलं नसतं. त्यासाठी वेगळे प्रयोग लागतात आणि ते थोडे झाले आहेत. स्वीडनमध्ये ६५ ते ७५ वयाच्या १६० जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. काहींना ११ आठवडे इटालियन शिकवलं, बाकीच्यांना शरीर-मन सैल करण्याचं प्रशिक्षण दिलं. २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला: स्मरणशक्ती किंवा बुद्धिमत्तेत भाषेमुळे सुधारणा नाही. इटालियन मात्र लोक शिकले. ११ आठवडे थोडे आहेत हे मान्य, पण ‘वर्ग लावा, डिमेन्शिया टाळा’ म्हणणाऱ्यांकडे याच्या उलट दाखवायला काही नाही.

तुलनेसाठी सांगतो: लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शिया आयोगाने २०२४ साली बदलता येण्याजोगे १४ धोके मांडले. त्यांत रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणं, दृष्टिदोषाकडे दुर्लक्ष, वाढलेलं कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा, बालपणीचं अपुरं शिक्षण अशा गोष्टी आहेत. द्विभाषिकता त्या यादीत नाही. आईंसाठी एका गोष्टीवर वेळ घालवायचा असेल, तर मी आधी त्यांचे कान तपासून घेईन. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला नाव पहिल्यांदाच नीट ऐकू गेलेलं नसतं आणि घरच्यांना वाटतं तो विसरला.

आईंच्या नावं विसरण्याकडे येतो, कारण तिथे भाषेचा प्रश्न खरोखर उपयोगाचा आहे. द्विभाषिकांना चित्र पाहून वस्तूचं नाव सांगायला किंचित जास्त वेळ लागतो आणि शब्द जिभेवर येऊन अडकण्याचे प्रसंगही त्यांच्यात जास्त येतात. लक्ष एकाग्र होण्याच्या दाव्यापेक्षा हा निष्कर्ष कितीतरी टिकाऊ आहे. पण तामार गोलान आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवलं, की माणसांच्या नावांबाबत असा फरक पडत नाही. ती दोन्ही गटांत सारखीच अडकतात. सरळ आहे, वस्तूला दोन भाषांत दोन शब्द असतात, माणसाचं नाव एकच. म्हणून आई दोन भाषा बोलत असल्या, तरी तेवढ्यावरून नावं विसरण्याचा खुलासा होणार नाही. आणि उलट बाजूने, ६८व्या वर्षी नुसती नावं अडकणं आणि थोड्या वेळाने आठवणं, हे एकटं लक्षण डिमेन्शियाचं मानत नाहीत. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, औषधं किंवा पैशांच्या व्यवहारात नव्याने गोंधळ, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, यांपैकी काही असेल तर तपासणी लांबवू नका.

तपासणीला जाल तेव्हा ती कोणत्या भाषेत होणार हे आधी विचारा. पडताळणीच्या लहान चाचण्यांत ‘एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगा’ असा प्रश्न असतो, वाक्य जसंच्या तसं म्हणायचं असतं, एखाद्या शब्दाची अक्षरं उलट क्रमाने सांगायची असतात. दुय्यम भाषेत हे केलं तर निरोगी माणसाचेही गुण घटतात आणि तीसपैकी दोन-तीन गुण इकडचे तिकडे झाले की निष्कर्ष बदलतो. मी स्वतः चाचणी सुरू करण्याआधी चार गोष्टी विचारून घेतो: घरची पहिली भाषा कोणती, शाळा कोणत्या भाषेत झाली, हिशोब मनातल्या मनात कोणत्या भाषेत करता, आणि गेल्या वर्षभरात एखादी भाषा बोलणं कमी झालंय का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरच्यांकडून घ्यावं लागतं. नंतर शिकलेली भाषा सोडून माणूस सारखा पहिल्याच भाषेत बोलू लागला असेल, समोरच्याला ती कळत नाही हे माहीत असूनही, तर ती नोंद मला प्राण्यांच्या नावांपेक्षा जास्त उपयोगी पडते. ही चार उत्तरं कागदावर लिहून न्या आणि चाचणीची भाषा अहवालात नोंदवायला सांगा. सहा महिने किंवा वर्षानंतर पुन्हा चाचणी झाली तर ती त्याच भाषेत व्हायला हवी, नाहीतर दोन गुणांतला फरक आजाराचा की भाषेचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.